सहा मुलं, एकशे आठ आया

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे आकडेबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. आरोग्याचं पान तिच्याकडे होतं. कुठल्याही संशोधनाची बातमी त्या पानावर जायची असेल, तर लिहिणाऱ्याने आधी एक पिवळी चिठ्ठी भरून तिच्या टेबलावर ठेवायची, असा तिचा कायदा होता. चिठ्ठीवर तीन प्रश्न. किती माणसं तपासली? फरक किती पडला, आणि शंभरात मोजला तर किती? एकामुळे दुसरं झालं असं संशोधकांनी दाखवलंय, की दोन्ही एकत्र दिसली एवढंच?

तिसऱ्या प्रश्नाशी नवे लोक हमखास अडखळायचे. कॉफी पिणारे जास्त जगतात, अशी बातमी घेऊन एकजण उड्या मारत आला होता. तिने शांतपणे विचारलं, "आणि हे कॉफी पिणारे सकाळी फिरायलाही जातात का, ते कुणी बघितलं?" बिचाऱ्याची कॉफी तिथेच गार झाली. लोक कुरकुरायचे, पण तिचं पान चोख निघायचं. तिच्या पानावर आकडा चुकला असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

अपवाद एकच, मास्तर. मास्तर म्हणजे संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना कचेरीत कुणी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या ईमेलची सगळ्यांना धास्ती. वर्तमानपत्र ते चष्मा पुसून, पेन्सिल घेऊन वाचत असणार. त्यांचा ईमेल सोमवारी सकाळी आला, आणि तिला वाटलं, कालच्या साखरेच्या बातमीबद्दल असेल.

साखरेबद्दल नव्हता. कचेरीने आठ महिन्यांपूर्वी जुने अंक संकेतस्थळावर चढवले होते, आणि मास्तर निवांतपणे ते उकरत बसले होते. त्यांनी लिहिलं होतं: "आपल्या दहा वर्षांपूर्वीच्या अंकात पहिल्या पानावर ठळक मथळा आहे: 'मळमळीच्या गोळीमुळे मूल उशिरा बोलते, धोका दुप्पट'. कशाच्या दुप्पट? किती आया तपासल्या? आणि 'मुळे' असं संशोधक म्हणाले, की आपण? मूळ निबंध सोबत जोडला आहे. तक्ता तीन आणि चार पाहावेत. आपल्या पानाखाली प्रश्न छापता, ती चिठ्ठी त्या काळी नव्हती काय?"

नव्हती. बातमीवर नाव नव्हतं, नुसतं 'आमच्या प्रतिनिधीकडून'. पण आपल्या हातचं लिखाण माणूस ओळखतो. ती नोकरीला लागून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

तिने ड्रॉवरमधून एक कोरी पिवळी चिठ्ठी काढली आणि निबंध उघडला. दहा वर्षांपूर्वी तिने तो उघडलाच नव्हता. विद्यापीठाने पाठवलेली दोन परिच्छेदांची प्रसिद्धी-टीप वाचली होती, आणि त्या टिपेतही 'संबंध दिसून आला' असे सावध शब्द होते. ते तिला मिळमिळीत वाटले. तिने तिखटमीठ लावलं.

पहिला प्रश्न. सहाशे अठ्ठेचाळीस आया. पैकी गरोदरपणात मळमळीची गोळी घेतलेल्या एकशे आठ, न घेतलेल्या पाचशे चाळीस.

दुसरा प्रश्न. तक्ता तीन. गोळी घेतलेल्या एकशे आठ जणींपैकी सहा जणींची मुलं उशिरा बोलली. न घेतलेल्या पाचशे चाळीसपैकी पंधरा जणींची. म्हणजे शंभरात साडेपाच आणि शंभरात पावणेतीन. दुप्पट होतं, खोटं नव्हतं. पण त्या दुप्पटीखाली सहा मुलं उभी होती. साठ नव्हे, सहाशे नव्हे, सहा. त्यातली तीन त्या गटात नसती तर दोन्ही गट सारखे झाले असते. संशोधकांनी आकड्यापुढे कंसात लिहिलंही होतं: ०.८ ते ५.०. म्हणजे हाती आलेली माहिती पाचपट धोक्याशी जुळत होती, आणि धोका मुळीच वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो, याच्याशीही जुळत होती.

तिसरा प्रश्न. तक्ता चार. ज्यांना उलट्या फार, त्यांनाच डॉक्टर ती गोळी देत. म्हणजे गोळी घेणाऱ्या आया आधीपासूनच जास्त आजारी, जास्त वाळलेल्या. उलट्या किती तीव्र होत्या, ते लक्षात घेऊन संशोधकांनी पुन्हा गणित केलं, तेव्हा दुप्पट उरलं नव्हतं. १.२ पट झालं होतं, आणि कंसात ०.४ ते ३.३. शेवटच्या पानावर एक साधं वाक्य होतं: आम्ही फक्त निरीक्षण केले आहे, यावरून कारण ठरवता येत नाही, मोठ्या अभ्यासाची गरज आहे.

मोठा अभ्यास पुढे कुणी केला का, ते तिने दुपारभर शोधलं. कुणी केला नव्हता. ती गोळी दोनेक वर्षांत डॉक्टरांनी लिहून द्यायचं सोडलं, मग ती दुकानांतूनही गेली. जी गोळी कुणी घेतच नाही, तिचा अभ्यास कोण कशाला करील? प्रश्न अर्धाच विचारला गेला होता आणि तसाच राहिला होता.

तिने चिठ्ठी भरून समोर ठेवली. दुसऱ्या कुणाची असती तर लाल पेनाने फुली मारून परत दिली असती. मग, खपलीच काढायची म्हणून जणू, तिने त्या जुन्या बातमीचा डॅशबोर्ड उघडला. संकेतस्थळावरची कुठली बातमी किती जणांनी आणि कधी वाचली, ते त्यावर दिसतं. एवढी जुनी बातमी कोण वाचणार? एक जण वाचत होतं. रोज. तीन वाजून दहा मिनिटांनी, कधी नऊ, कधी अकरा. शनिवार-रविवार आणि सुट्या सोडून रोज एक वाचक, आठ महिने.

मास्तर असतील, असं तिने स्वतःला समजावलं. पण मास्तर एक बातमी रोज कशाला वाचतील? मंगळवारी ती मुद्दाम त्या वेळी पडद्यासमोर बसली. तीन वाजून दहा. शून्याचा एक झाला. दोन-तीन मिनिटं तो एक तसाच राहिला, आणि मग पुन्हा शून्य. कुणीतरी येऊन, दाराशी उभं राहून, न बोलता निघून गेल्यासारखं वाटलं. बुधवारीही तेच झालं.

संपादकांकडे ती दुरुस्तीचा मसुदा घेऊन गेली. संपादक माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीत मथळा दिसायचा.

"दहा वर्षांपूर्वीच्या बातमीची दुरुस्ती, आणि ती पहिल्या पानावर?"

"चूक पहिल्या पानावर होती साहेब."

त्यांनी मसुदा वाचला, कपाळाला आठ्या घातल्या. "हे 'सिद्ध होत नाही, पण नाहीच असेही सिद्ध होत नाही' काय आहे? वाचक म्हणेल, यांचं डोकं ठिकाणावर आहे ना? सरळ लिहा की. 'ती गोळी निर्दोषच होती!' लोकांना हायसं वाटेल, आपणही सुटू."

"एकशे आठ जणींवरून गोळी दोषी ठरत नाही, तशी निर्दोषही ठरत नाही. कंस तीनपटीच्या वर जातोय. तेव्हा मी एका बाजूने थापा मारल्या, आता दुसऱ्या बाजूने मारू?"

संपादकांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तेव्हा तुम्ही लिहिली होती?"

"हो."

त्यांनी पेन उचललं. मसुद्यावर सही करून शुक्रवारच्या पहिल्या पानाची जागा दिली.

गुरुवारी तिची सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी ती ताईकडे जेवायला जायची, हे वर्षानुवर्षांचं. ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि तिच्या घरी एक बारा वर्षांची मुलगी, चिमणी. पाळण्यातच हे लाडाचं नाव पडलं, घरभर चिवचिव करील म्हणून. चिमणी अडीच वर्षांची होईपर्यंत आई म्हणाली नव्हती. आता बोलायची, पण मोजकं, आणि शब्द अडला की हातांनी सांगायची. हसायची मात्र मोठ्याने, आणि पत्त्यांत मावशीला सपशेल लुबाडायची. ताई तिचं सगळं करायची. इतकं करायची की बघणाऱ्याला धाप लागावी. गेल्या दहा वर्षांत ताई एकदाही सिनेमाला गेली नव्हती, कुणाच्या लग्नात जेवायला थांबली नव्हती. विचारलं की म्हणायची, "मला कुठे जायचंय?" घरी वर्तमानपत्र येणं तिने केव्हाचंच बंद केलं होतं. डोळे दुखतात म्हणे.

जेवणं झाली, भांडी घासून झाली. ताई बाल्कनीत जाऊन उभी राहिली. चिमणीच्या शाळेची गाडी सव्वातीनला कोपऱ्यावर यायची. ताई पाच मिनिटं आधीच बाल्कनीत येऊन थांबे, हातात फोन घेऊन. धाकटी बहीण तिच्या मागोमाग बाल्कनीच्या दारापर्यंत गेली, आणि तिने सहज भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

तीन वाजून दहा.

ताईच्या खांद्यावरून तिला फोनचा पडदा दिसला. तो मथळा तिने गेल्या चार दिवसांत इतक्यांदा पाहिला होता की अक्षरं वाचायची गरज नव्हती.

"ताई, हे काय वाचतेस?"

ताई दचकली नाही. फोन लपवलाही नाही. "तुझंच आहे," ती म्हणाली.

"त्यावर माझं नाव नव्हतं."

"तू त्या सकाळी फोन केला होतास ना. 'ताई, माझी बातमी पहिल्या पानावर आलीय, मथळासुद्धा मीच दिलाय, बघ बघ.' मी चिमणीला भरवत होते. उठून अंक आणला. कात्रण ठेवलं होतं, ते घड्यांवर फाटलं. आता फोनवर मिळतं."

धाकटीला तो फोन आठवला. आपला चढा आवाज आठवला. पलीकडून ताई म्हणाली होती, छान झालं हं. आणि त्याआधीचं आठवलं: गरोदर ताई, मोरीच्या कठड्याला धरून ओणवी, सात किलो वजन घटलेलं, हाताला सलाइन. गोळी कोणती होती हे धाकटीने तेव्हा विचारलं नव्हतं. बातमी लिहिताना तर तिच्या डोक्यातही आलं नाही. ताईला कोण विचारायला गेलं होतं?

"तू ती गोळी घेतली होतीस," ती म्हणाली.

"एकवीस दिवस. डॉक्टरांनी दिली होती. पण डॉक्टर काय, मी घेतली. घशाखाली मी घातली." ताईचा आवाज अगदी सपाट होता, रोजची यादी वाचावी तसा. "रोज एकदा वाचते. चिमणी गाडीतून उतरायच्या आधी. म्हणजे मग तिच्यावर चिडायला होत नाही. कितीही थकले तरी आठवतं, हे कुणामुळे आहे."

आणि एवढं होऊनही ताईने कधी एक शब्द काढला नव्हता. दर गुरुवारी जेवायला घातलं होतं. लहान बहिणीच्या चिठ्ठ्यांचे किस्से ऐकून हसली होती. धाकटीला ओरडून रडावंसं वाटलं, पण रडणं आत्ता स्वस्त पडलं असतं. ती खाली बसली, दाराच्या उंबऱ्यावरच, आणि ताईला हात धरून बसवलं.

"ताई, ती बातमी चुकीची आहे. मी चुकीची लिहिली. मी मूळ अभ्यास वाचलाच नव्हता. उद्या दुरुस्ती छापून येतेय."

ताईने तिच्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत तिच्या चेहऱ्यावर अशी घाई दिसली नव्हती. "म्हणजे गोळीने काही नाही झालं?"

हाच तो क्षण होता. एक 'नाही' म्हटलं असतं तर संपलं असतं. ताई उद्यापासून सिनेमाला गेली असती. कुणाचं काय बिघडलं असतं? कंस, तक्ता, एकशे आठ, यातलं ताईला काय कळणार होतं? 'नाही' हा शब्द धाकटीच्या जिभेवर येऊन बसला.

पण ताईने तिचा एक शब्द दहा वर्षं खरा धरला होता. तो खोटा ठरला. आता दुसरा दिला, आणि उद्या कुठे तोही चुकला, तर ताईने कशाला धरायचं?

"ऐक," ती म्हणाली. "एकशे आठ जणींनी गोळी घेतली होती. त्यातल्या एकशे दोन जणींची मुलं वेळेवर बोलली. सहा जणींची उशिरा."

"सहा?"

"सहाच."

"मला वाटायचं, हजारो असतील. दुप्पट म्हटलंस ना." ताई बोटांवर काहीतरी मोजू लागली आणि थांबली. "मग मी सातवी."

"नाहीस गं. तू त्या अभ्यासात नव्हतीसच. आणि ज्यांनी गोळी घेतली नाही, त्यांच्यातही पंधरा जणींची मुलं उशिरा बोलली. गोळी त्यांनाच दिली होती, ज्यांना तुझ्यासारख्या भयंकर उलट्या होत होत्या. ते धरून गणित केलं तर फरक फारसा उरत नाही."

"मग उलट्यांमुळे झालं?"

"तेही म्हणता येत नाही. एकत्र दिसलं, एवढंच."

"मग कशामुळे?"

"चिमणीचं कशामुळे, ते या अभ्यासातून कळूच शकत नाही. कुठल्याही एका मुलाचं कळत नाही. गोळीने होतं असं तो दाखवत नाही. गोळीने होऊच शकत नाही, असंही दाखवत नाही. त्यांची माणसंच थोडी होती. मला तुला नाही म्हणायचंय ताई. इतकं म्हणायचंय की जीव जाईल. पण ते मला माहीत नाही."

खाली कोपऱ्यावर गाडी वळल्याचा आवाज आला. ताई उठली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाडीचा आवाज आला आणि ताई उठली नाही.

"म्हणजे माहीत नाही," ती म्हणाली.

"नाही माहीत."

"आणि दहा वर्षं मला माहीत होतं."

मग ती रडली. हुंदके देऊन नव्हे. पदराने डोळे दाबून, खांदे हलत राहिले. धाकटीने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात आपण ठेवावा की नाही, हेही तिला कळेना. जिन्यात धाडधाड पावलं वाजली. चिमणी आत आली, दप्तर फेकलं, उंबऱ्यावर बसलेल्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, आणि मावशीकडे बोट दाखवून आईला विचारलं, "मारलं?"

ताई रडता रडता हसली. "हो," ती म्हणाली, "पण मुद्दाम नाही मारलं."

शुक्रवारी पहिल्या पानावर दुरुस्ती आली, चौकटीत. किती आया, किती मुलं, शंभरात किती, आकडा किती डळमळीत, आणि शेवटी: "या गोळीने मूल उशिरा बोलते, असे हा अभ्यास दाखवत नाही. ती पूर्णपणे निर्धोक होती, असेही तो दाखवत नाही. आमच्या मथळ्याने ज्यांच्या मनाला दहा वर्षे टोचणी लावली, त्यांची आम्ही क्षमा मागतो." हे शेवटचं वाक्य संपादकांनी स्वतः घातलं होतं. सकाळीच मास्तरांचा दोन शब्दांचा ईमेल आला: "आकडे बरोबर."

तीन वाजून दहाला ती डॅशबोर्डसमोर बसली. आज तो एक येणार नाही, अशी तिला आशा होती. पडद्यावर एक नव्हताच. त्रेचाळीस होते. दुरुस्ती वाचून लोक जुनी बातमी उघडत होते. त्यांत ताई होती की नव्हती, ते आता कळायला मार्ग नव्हता. सव्वातीनला साठ झाले. ईमेलच्या पेटीत पहिलं पत्र पडलं, अनोळखी बाईचं. तिचा मुलगा अकरा वर्षांचा होता. तिने खाली फोन नंबर देऊन दोनच ओळी लिहिल्या होत्या: "मीही घेतली होती. म्हणजे मी काही केलं नव्हतं, असं धरून चालू का?"

त्यानंतर आणखी एक आलं. मग आणखी.

दहा वर्षांपूर्वी त्या सकाळी किती घरांत अंक गेला होता, ते तिने आजवर कधी मोजलंच नव्हतं. चिठ्ठीवर तो प्रश्नच नव्हता. तिने फोन उचलून ताईला लावला.

"ताई, अजून आहेत गं. पत्रं येतायत."

पलीकडून नुसती फडफड ऐकू आली. मागे चिमणी पत्ते पिसत असावी.

"काय उत्तर देणार आहेस?"

"तेच. माहीत नाही."

"दे," ताई म्हणाली. "पण पत्राने नको. प्रत्येकीला फोन कर. उंबऱ्यावर बसून सांगितलंस तसं सांग."

पडद्यावरचा आकडा नव्वदच्या पुढे गेला होता. तिने पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पहिल्या बाईचा नंबर लिहून घेतला.